मॅप म्हणतो ६ तास ४० मिनिटं. दोन लहान मुलं आणि सासू-सासरे बरोबर असतील तर किती धरायचे?

अवनी_७

पुढच्या महिन्यात गाडीने जायचंय. अंतर ४३० किमी, मॅप ६ तास ४० मिनिटं दाखवतो. आम्ही दोघंच असताना हा रस्ता साडेसात-आठ तासांत झालाय, त्यामुळे त्याचा अंदाज आहे. या वेळी मात्र गाडीत सहा जण असणार. आम्ही दोघं, तीन वर्षांची मुलगी (डायपर नुकताच सुटलाय), सात महिन्यांचा मुलगा (अंगावर पितो), सासरे ७६ आणि सासूबाई ७०. बाबांचे गुडघे दुखतात आणि त्यांना सकाळी बीपीच्या गोळीबरोबर लघवीची गोळीही असते. गाडी सात सीटची आहे.

सकाळी ७ ला निघून संध्याकाळी ६ च्या आत पोचायचंय. शेवटचा रस्ता अंधारात नकोय आणि बाबांना अनोळखी जागी अंधारात पायऱ्या चढायला लावायच्या नाहीत. तर मॅपच्या वेळेत किती टक्के वाढवायचे? काही ठोकताळा आहे का?

दूरचाप्रवासी

दीडपट करा आणि निश्चिंत राहा. मी गेली १२ वर्षं हेच करतोय. ६ तास ४० चे १० तास. ७ ला निघालात तर ५ ला पोचाल, वर एक तास हातात.

मृण्मयी_आजी

आम्ही दोघं आता गाडीने लांब जातच नाही, रेल्वेने जातो. मागच्या वेळी मुलाने तिकिटं काढताना मधे गाडी बदलायला ३५ मिनिटं ठेवली होती. त्याच्या हिशेबाने ती भरपूर होती. पहिली गाडी १० मिनिटं उशिरा आली, आमचा डबा अगदी शेवटी, लिफ्ट दुसऱ्या टोकाला. यांना घेऊन पुलावर पोचेपर्यंत पुढची गाडी डोळ्यांसमोरून गेली. पुढच्या गाडीसाठी तीन तास बाकावर बसून काढले. म्हणून म्हणते, बदलायच्या गाडीला दीड तास तरी ठेवा.

अवनी_७

आजी, फार त्रास झाला असेल. आमचा प्रवास गाडीनेच आहे, पण परत येताना सासू-सासरे कदाचित रेल्वेने येतील, तेव्हा हे लक्षात ठेवते.

मैलाचा_दगड

मी बरीच वर्षं सहलींच्या गाड्यांचं वेळापत्रक बसवलंय. त्यात ज्येष्ठांचे गट बरेच असायचे, म्हणून सविस्तर लिहितो.

टक्क्यांनी हिशेब करू नका. वेळ जातो तो थांब्यांत, आणि थांब्यांची संख्या किलोमीटरवर ठरत नाही. गाडीतल्या ज्या माणसाला सगळ्यात लवकर थांबावं लागतं, त्याच्यावर ती ठरते. म्हणून आधी प्रत्येकाच्या नावापुढे लिहा की हा न थांबता किती वेळ बसू शकतो. सात महिन्यांच्या बाळाला कार सीटमधून दोन तासांच्या आत बाहेर काढायला हवं. त्या सीटमध्ये बाळ अर्धवट दुमडलेलं असतं, झोपलं की मान पुढे येते, सलग फार वेळ तसं ठेवत नाहीत. तीन वर्षांची मुलगी, नुकता डायपर सुटलेला, म्हणजे दीड तास. आणि तुमचे सासरे गोळी घेतल्यानंतरचे पहिले काही तास एकेका तासाचे गिऱ्हाईक. म्हणजे सकाळच्या टप्प्याचं माप बाळाचं नाही, बाबांचं आहे. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सगळी तयारी बाळाची करतात आणि पहिलाच थांबा आजोबांसाठी लागतो.

दुसरी गोष्ट थांब्याची लांबी. 'पाच मिनिटं थांबू' असं कोणी म्हणालं की मी २५ लिहितो. गाडीची चाकं थांबल्यापासून पुन्हा फिरेपर्यंतचा वेळ मोजायचा. आणि तो गाडीत किती जण आहेत यावर नाही, मदत करणारे हात किती आहेत यावर ठरतो. तुमच्याकडे धडधाकट मोठी माणसं दोन. तुमचे यजमान बाबांना धरून नेतील, तुम्ही बाळाला पाजाल. मग मुलीला स्वच्छतागृहात कोण नेणार? सासूबाई नेऊ शकत असतील तर तिन्ही कामं एकाच वेळी होतात आणि थांबा अर्ध्या तासाचा होतो. त्यांना जमणार नसेल तर एक काम दुसऱ्याच्या मागे लागतं आणि तोच थांबा ४५ मिनिटांचा. त्यामुळे आधी हे ठरवा.

गोळीची वेळ आणि प्रत्येक जण कुठल्या सीटवर बसणार हे सांगितलंत तर आकडे मांडून देतो.

अवनी_७

हातांचा विचार खरंच केला नव्हता. सासूबाई मुलीला नेऊ शकतील, त्या ठणठणीत आहेत. बाबा गोळी सकाळी ६ ला घेतात. बसायचं असं ठरलंय की पुढे आम्ही दोघं, मधल्या सीटवर मुलगी आणि बाळ आपापल्या कार सीटमध्ये, मागच्या सीटवर सासू-सासरे.

शेखर_जी

लघवीची गोळी त्या दिवशी द्यायचीच नाही, एका दिवसाने काही होत नाही. आणि पाणी कमी प्यायला सांगा. माझे वडील स्वतःच तसं करतात, एकदाच थांबावं लागतं.

सुजाता_पीटी

शेखरजी, कृपया असं सुचवू नका. गोळी कशासाठी दिलीय हे आपल्याला माहीत नाही. हृदयासाठी असेल तर एक दिवस चुकवणंही महागात पडू शकतं. मात्र गोळीची *वेळ* बदलता येईल का, पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं, आणि बऱ्याचदा ते काहीतरी मार्ग काढून देतात. या गोळ्याही एकसारख्या नसतात. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा असर तासाभरात सुरू होतो, पहिल्या एक-दोन तासांत सगळ्यात जास्त असतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो. दुसऱ्या काही गोळ्या सावकाश चढतात आणि दिवसभर चालतात. तेव्हा विचारताना गोळीचं नाव घेऊनच विचारा.

पाणी कमी पिण्याबद्दलही तेच. वयस्कर माणसाला तहान आधीच कमी लागते. गोळी आणि वरून कमी पाणी म्हणजे उतरून उभं राहताना चक्कर. मी फिजिओथेरपीत काम करते, प्रवासात पडलेली मंडळी बघते. त्यातली बरीचशी गाडीतून उतरतानाच पडलेली असतात, कारण दोन तास बसल्यावर लगेच उभं केलेलं असतं. दार उघडल्यावर पाय बाहेर काढून एक मिनिट तसंच बसू द्या, घोटे हलवू द्या, मग उभं करा. हे एक मिनिटही हिशेबात हवं.

शिवाय थांब्यावर पाच मिनिटं चालणं हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात, चार तास किंवा जास्त वेळाच्या प्रवासात सलग बसून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं आहे. मुळात तो धोका लहान आहे, घाबरायचं कारण नाही. पण वय जास्त असेल तर 'मी गाडीतच बसतो, तुम्ही जाऊन या' हे ऐकायचं नाही.

मैलाचा_दगड

सुजाताताईंच्या शेवटच्या वाक्याला माझी एक जोड. ज्येष्ठांना 'थांबायचं का?' असं विचारूच नका. माझ्यासाठी गाडी थांबवायला लागली असं त्यांना वाटतं आणि ते 'नको, चालू दे' म्हणतात. वीस मिनिटांनी अचानक 'आता थांबवा' येतं, आणि तेव्हा नीट जागा नसते. ठरलेल्या वेळी, कोणी काही न म्हणता थांबायचं.

आता सीट. सात सीटच्या बहुतेक गाड्यांत मागे जायला मधली सीट मुडपून पुढे ढकलावी लागते. तिच्यावर कार सीट बांधलेली असेल तर ती मुडपत नाही. तुम्ही दोन्ही बाजूंना कार सीट लावल्यात, तर प्रत्येक थांब्याला एक सोडून पुन्हा बांधावी लागेल, आणि गुडघे दुखणारा माणूस त्या फटीतून वाकून निघेल. थांब्यामागे सहज १० मिनिटं. बाबांना पुढे बसवा, सीट पूर्ण मागे सरकवून. तुम्ही किंवा सासूबाई मागे. बाळाची मागे तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असताना पुढे लावायची नसते, त्यामुळे ती मधेच राहू दे. मागे जायची वाट एका बाजूने तरी मोकळी राहील असं बघा.

गोळी ६ ला आणि निघणं ७ ला धरून आकडे असे येतात. मॅपचे ६:४० म्हणजे ४०० मिनिटं. आधी ७५ मिनिटं चालवून २० मिनिटं थांबा, बाबा आणि मुलगी, तेवढ्यात बाळालाही सीटमधून बाहेर काढायचं. मग ७५ चालवून ३० मिनिटं, बाळाचं पाजणं. मग १०० चालवून जेवणाचा तास. मग ९० चालवून पुन्हा ३०. शेवटी ६०. थांब्यांचे झाले १४० मिनिटं. प्रत्येक थांब्याला मुख्य रस्ता सोडणं, जागा शोधणं आणि परत रस्त्याला लागणं यांची ५-५ मिनिटं धरा, चार थांब्यांची २०. वळणं आणि खड्डे हळू घ्याल, त्याची आणखी २०. आणि एक न ठरवलेला थांबा धराच, २५. एकूण ६०५ मिनिटं, म्हणजे १० तास ५ मिनिटं.

वेग कमी झाल्याने फक्त २० मिनिटं गेली हे बघा. लोक 'सावकाश जाऊ' म्हणून वेगाचंच गणित करत बसतात.

दूरचाप्रवासी

म्हणजे माझं दीडपटच झालं की! ४०० चे ६००.

मैलाचा_दगड

या प्रवासात झालं, बरोबर आहे तुमचं. तुमच्या १२ वर्षांतले प्रवासही साधारण याच लांबीचे आणि अशाच माणसांचे असावेत. पण याच रस्त्यावर फक्त तब्येतीने बरे असलेले सासू-सासरे घेऊन गेलं, तर एक १५ मिनिटांचा थांबा आणि एक ४५ चा, असा ४७० मिनिटांत प्रवास होतो. तिथे दीडपट धरली तर दोन तास आधी पोचून कुलूपबंद दारासमोर बसायची वेळ येते. उलट मॅपवर १० तासांचा रस्ता असेल तर या सहा जणांचे सोळा तास होतात. दोन जेवणं येतात आणि संध्याकाळी प्रत्येक थांबा लांबतो, कारण सगळेच दमलेले असतात. तिथे पटीचं गणित करण्यापेक्षा मधे मुक्काम करणं योग्य.

अवनी_७

१० तास ५ म्हणजे ७ ला निघून ५ वाजून ५ मिनिटं. हाती ५५ मिनिटं आहेत. पुरतील ना?

कुहू

ताई, तुम्ही ७ ला निघणार नाही. आमची दोन मुलं आहेत. सामान भरून, सगळे बसून, पट्टे लावून झाले की बाळ डायपर भरवतं. आम्ही 'निघायचं' म्हटल्यापासून चाकं फिरेपर्यंत ४० मिनिटं धरतो. सामान आदल्या रात्री गाडीत ठेवलं तर २०.

आणि मुलांच्या झोपेचं बघा. ठरलेला थांबा आला आणि दोघं गाढ झोपलेली असली तर आम्ही थांबत नाही, पुढे जातो. झोपेत जो रस्ता कापला जातो तो फुकटचा. उठवलं तर पुढचे दोन तास रडारड.

सुजाता_पीटी

तुम्ही चौघंच असता म्हणून हे जमतं. इथे मुलं झोपली असताना बाबांना उतरायचं असू शकतं. गाडी थांबवा, मुलांना झोपू द्या, पण एक मोठं माणूस त्यांच्याजवळ गाडीतच राहिलं पाहिजे. उन्हात बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. आणि बाळ झोपलंय म्हणून दोन तासांची मर्यादा सैल होत नाही.

मैलाचा_दगड

कुहूंनी निघण्याबद्दल जे लिहिलंय ते अगदी खरं आहे. माझ्या हिशेबातले सात म्हणजे चाकं फिरण्याचे सात. ७:३० धरलेत तर पोचायला ५:३५.

आणखी एक काम करा. मॅपचे ६:४० तुम्ही कधी पाहिलेत? आत्ता, रात्री बघितले असतील तर ते आत्ताच्या रहदारीचे असतील. निघण्याची तारीख-वेळ घालून बघा. मग शेवटचा ६० मिनिटांचा तुकडा *वेगळा* बघा, दुपारी ४:३० ला निघतोय असं धरून. मॅपला वाटतं तुम्ही तिथे दुपारी १ च्या सुमाराला असाल. थांबत थांबत जाणारा माणूस तिथे पोचतो तोवर रस्ता बदललेला असतो. मॅपमध्ये मधले थांबे घातले तरी तो वळसा मोजतो, तिथे बसलेला वेळ मोजत नाही.

अवनी_७

तो तुकडा ४:३० ला घालून पाहिला, ६० ऐवजी ७० दाखवतोय. डॉक्टरांनाही फोन केला. बाबांची गोळी त्या एका दिवशी पोचल्यावर घेतली तर चालेल असं ते म्हणाले, पाय सुजले तर कळवा म्हणाले. मग पहिला थांबा पावणेदोन तासांवर नेऊ का?

मैलाचा_दगड

बाबांच्या बाजूने चालेल. पण आता सगळ्यात आधी थांबायला लागणारी तुमची मुलगी आहे. दीड तास धरा.

अवनी_७

*(पाच आठवड्यांनी)*

जाऊन आलो. वहीत चाकं थांबल्या-फिरल्याच्या वेळा लिहिल्या होत्या, त्या देते.

७:५० ला निघालो. सामान रात्रीच भरलं होतं तरीही. ८:४० ला मुलीला उलटी झाली, कपडे आणि सीटचं कव्हर बदलण्यात ३० मिनिटं. मग ८५ मिनिटं चालवून १०:३५ ला थांबलो. ठरवले होते ३०, लागले ४५, कारण स्वच्छतागृह एकच होतं आणि त्याला चार उंच पायऱ्या. बाबांना चढवायला आणि उतरवायला दोघं लागले, मग बाळ सासूबाईंकडे आणि मुलगी रांगेत माझ्या कडेवर. तिथे हात कमी पडले. ११:२० ला निघाल्यावर मुलं दोघंही झोपली, त्या भरात १२५ मिनिटं चालवलं. बाळाची दोन तासांची मर्यादा पाच मिनिटांनी ओलांडली गेली हे नंतर वहीत दिसलं. जेवणाला ६० च्या जागी ८०. मग ९५ मिनिटं चालवून २५ चा थांबा, शेवटचा तुकडा ८० मिनिटं. पोचलो ६:०५ ला. उजेड होता, बाबा पायऱ्या नीट चढले.

एकूण १० तास १५. अंदाज १० तास ५ चा होता.

बाबांना पुढे बसवल्याचा फार फायदा झाला. न विचारता थांबत होतो, त्यामुळे त्यांनी पाणीही नेहमीसारखं प्यायलं.

मैलाचा_दगड

वेळा लिहून ठेवल्यात हे फार चांगलं केलंत. एकूण जुळलं असलं तरी आत बराच फरक आहे. जेवणाला या सहा जणांना ८० लागतात, पुढच्या वेळी तेच धरा. तुम्ही बाळाला जेवणाआधी पाजलंत की नंतर?

अवनी_७

नंतर. आधी मुलीला भरवलं, मग मी जेवले, मग पाजलं.

मैलाचा_दगड

तिथेच २० मिनिटं गेली असणार. जेवण मागवलं की ते येईपर्यंत पाजून घ्या.

दूरचाप्रवासी

पुढच्या वेळी रात्री का नाही निघत? मुलं झोपतात, रस्ता मोकळा, हे सगळे थांबे वाचतात. आम्ही मुलं लहान असताना नेहमी रात्री जायचो.

सुजाता_पीटी

थांबे वाचतात ते मुलं झोपतात म्हणून, पण बाळाला सीटमधून काढायचं तर असतंच. आणि पहाटे दोन ते सहामध्ये चालवणाऱ्याला झोप येण्याचा धोका सगळ्यात जास्त.

कुहू

आम्ही पहाटे ४:३० ला निघतो. मुलांना झोपेतच गाडीत ठेवतो, पहिले दोन तास शांततेत जातात. पण आमच्याबरोबर आजी-आजोबा नसतात, त्यांना त्या वेळी उठवणं बरं की नाही ते मला सांगता येणार नाही.

अवनी_७

बाबा एरवीही पाचला उठतात, पण सकाळी तासभर त्यांचे गुडघे आखडलेले असतात. सुजाताताई, तशा अवस्थेत उठल्या उठल्या गाडीत बसवलं तर पहिल्या थांब्याला जास्त त्रास होईल का? दिवाळीआधी पुन्हा जायचंय, तेव्हा ५ ला निघायचा विचार चाललाय.

सुजाता_पीटी

त्यांना चारला उठवून अर्धा तास घरातच चालतं ठेवता आलं, तर हरकत नाही. नाहीतर पहिला थांबा तासाभरातच ठेवा, आणि मग लवकर निघून मिळवलेला वेळ बराचसा तिथेच जाईल. दोन-तीन दिवस आधी घरी करून बघा, उठल्यापासून किती वेळाने ते आधाराशिवाय खुर्चीतून उठतात ते. तो आकडा इथे सांगा, मग ठरवू.